नवीन पेशंट वॉर्डात आला की पहिली दोन मिनिटं काय बोलायचं?

निशिगंध_२२

मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे, सात महिने झाले. परवा जे घडलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

संध्याकाळी पावणेसातला खालून फोन आला, ॲडमिशन वर पाठवतोय. ६१ वर्षांचे गृहस्थ, दुसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन. व्हीलचेअरवरून आले, सोबत मुलगी. मी दुसऱ्या पेशंटचं सलाईन बदलत होते, ते टाकून धावत आले. त्यांना बेडच्या कडेला बसवलं, बीपीचा पट्टा बांधला आणि पट्टा फुगत असतानाच विचारायला सुरुवात केली: ॲलर्जी आहे का, शुगर आहे का, शेवटचं कधी खाल्लंत, कवळी आहे का. उत्तरं मुलगीच देत होती. बीपी १७२/९८, नाडी १०८. मी म्हटलं, "घाबरू नका काका, छोटंसं ऑपरेशन आहे, काही होत नाही." ते माझ्याकडे बघतच नव्हते. सारखं दाराकडे लक्ष.

डॉक्टरांना बीपी कळवायला निघाले तेवढ्यात आमच्या इनचार्ज सिस्टर आल्या. स्टूल ओढून त्यांच्या समोर बसल्या, स्वतःचं नाव सांगितलं आणि पहिलाच प्रश्न, "बाथरूमला जायचंय का?" गृहस्थ लगेच उठले. तासाभरापासून त्यांना लघवीला जायचं होतं. बाथरूम कुठे आहे माहीत नव्हतं आणि मुलीसमोर माझ्यासारख्या परक्या पोरीला विचारायचा संकोच वाटत होता.

वीस मिनिटांनी परत बीपी घेतलं: १४६/८६, नाडी ८४.

सिस्टर नंतर एवढंच म्हणाल्या, "तू फॉर्मशी बोलत होतीस." खरंच होतं ते. पण संध्याकाळच्या शिफ्टला आम्ही दोघीच असतो, कधी कधी लागोपाठ चार ॲडमिशन येतात. फॉर्म तर भरावाच लागतो. अनुभवी लोकांनी सांगा, पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही नेमकं काय बोलता, काय करता?

प्रसन्नवदन

खूप छान प्रश्न. मी रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांना संवादकौशल्याचं प्रशिक्षण देतो. पहिली गोष्ट हसरा चेहरा. संशोधन सांगतं की आपल्या बोलण्याचा फक्त ७ टक्के परिणाम शब्दांचा असतो, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली. त्यामुळे काय बोलता याची चिंता सोडा. डोळ्यांत बघा, हसा, खांद्यावर हात ठेवा, आणि ठाम आवाजात सांगा, "आता तुम्ही आमच्याकडे आलात, सगळं ठीक होणार." पेशंटला हेच ऐकायचं असतं.

काजळरेघ

मला उलट बाजूने विचारायचंय. पुढच्या आठवड्यात मी स्वतः दाखल होणार आहे, पहिल्यांदाच. गेल्याबरोबर नर्सला मी काय काय सांगायला हवं? रिपोर्ट कुठल्या क्रमाने लावू? आधीच सॉरी, धाग्याचा विषय हाच आहे असं मला वाटलं.

जुनी_सिस्टर

निशिगंध, सत्तावीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली अकरा इनचार्ज म्हणून. तुझी पोस्ट दोनदा वाचली. सविस्तर लिहिते.

आधी त्या १७२ चं बघू, कारण उत्तर तिथेच आहे. ते गृहस्थ बेडच्या कडेला बसले होते, म्हणजे पाय लोंबकळत, पाठीला टेका नाही, हात बहुधा हवेत. लघवी तुंबलेली. तू बोलत होतीस, मुलगी बोलत होती, मधूनमधून तेही बोलायचा प्रयत्न करत असणार. आणि व्हीलचेअरवरून येऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. यातली एकेक गोष्ट बीपी चढवते, तुझ्याकडे सगळ्या एकत्र आल्या. नियम आपण सगळेच शिकलोय: पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, मूत्राशय रिकामं, आणि पट्टा फुगताना कुणीच बोलायचं नाही. ॲडमिशनच्या गडबडीत हे पाळलं जात नाही, आणि मग चुकीच्या आकड्यावरून डॉक्टरला फोन जातो.

मी काय करायचे ते सांगते. ती पाच मिनिटं बीपीला द्यावीच लागतात ना? मग स्वागत त्याच पाच मिनिटांत करायचं. वेगळा वेळ काढावा लागत नाही. पेशंट आला की आधी बाथरूमचं विचारायचं, दाखवायचं. मग टेकून बसवायचं. मग स्टूल ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. बेडवर बसायचं नाही, ती त्याची जागा आहे, आणि संसर्गाच्या दृष्टीनेही ते बरं नाही. फाइल मांडीवर, पण मिटलेली.

माझी वाक्यं जवळपास ठरलेली होती. "नमस्कार, मी सिस्टर अमुक. रात्री आठपर्यंत तुमच्याकडे मी आहे, त्यानंतर जी सिस्टर येईल तिची ओळख मीच करून देईन. तुमचं पूर्ण नाव सांगता का?" नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं. "आपण अमुकच ना?" असं कधीही विचारायचं नाही. घाबरलेला माणूस आणि कमी ऐकू येणारा माणूस, दोघेही कशालाही "हो" म्हणतात. माझ्यासमोर एका आजोबांनी शेजारच्या पेशंटच्या नावाला मान डोलावली होती. इंजेक्शन हातात होतं. पट्टी बघितली म्हणून वाचलो.

त्यानंतर विचारायचं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" आणि मग एकच मोकळा प्रश्न: "इथे येताना सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटत होती?" हे विचारून गप्प बसायचं. नव्या मुली इथे घाईघाईने पुढे बोलायला लागतात. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेकदा सातव्या-आठव्या आकड्याला माणूस बोलतो. आणि जे बोलतो ते आपण धरून चाललेलं नसतं. ऑपरेशनची भीती असेल असं आपल्याला वाटतं, आणि तो म्हणतो, "घरी बायको एकटी आहे, तिला दिसत नाही."

जुनी_सिस्टर

राहिलेलं लिहिते, मघाशी अर्धवट गेलं.

बेल. "ही बेल, गरज लागली तर दाबा" एवढं सांगून भागत नाही. बेल हातात द्यायची आणि एकदा दाबायला लावायची. दिवा लागतो, आवाज येतो, त्याला पटतं की हे चालतं. शिवाय त्याला ती हात लांबवून मिळते का, बोटांत दाबायची ताकद आहे का, हेही आपल्याला कळतं. संधिवाताची बोटं असली की कळ दाबली जात नाही आणि बाई रात्रभर तशीच पडून राहते.

शेवटचं म्हणजे वेळ सांगायची. "मी येतेच" म्हणायचं नाही. "सव्वासातला मी फॉर्म भरायला परत येते" असं म्हणायचं आणि सव्वासातला जायचं. जाणं शक्यच नसेल तर दारातून तरी सांगायचं, "अजून दहा मिनिटं लागतील." माझ्या मते पेशंट शब्दाने कमी आणि ह्या सव्वासातने जास्त शांत होतो. पहिल्या तासात एक लहानसं वचन दिलं आणि पाळलं की पुढची रात्र तो उगाच बेल वाजवत नाही, कारण त्याला माहीत असतं की ही येते.

अर्धविराम

जुनी_सिस्टर, बेलचं वाचून अंगावर काटा आला.

मी चार वर्षांपूर्वी दाखल होतो, कुठे ते महत्त्वाचं नाही. रात्री साडेदहाला बेडवर आणलं. एक सिस्टर आली, हाताला पट्टी बांधली, सलाईन लावलं, "झोपा आता" म्हणाली आणि दिवा मालवून गेली. वाईट वागली असं अजिबात नाही, बिचारीच्या हातात आणखी दोन ट्रे होते. पण मला बेल कुठे आहे ते माहीत नव्हतं. ती उशीच्या मागे भिंतीवर लटकत होती, सकाळी दिसली. रात्री दोनला सलाईनच्या नळीत रक्त उलटं चढलेलं दिसलं. मला वाटलं माझं सगळं रक्त बाटलीत जाणार. समोरच्या बेडवरचे गृहस्थ झोपलेले, त्यांना उठवायचं कसं? मी तो हात छातीशी धरून पहाटेपर्यंत बसून राहिलो. पहाटे सिस्टर आली, नळी बघितली, "बाटली संपली होती हो, काही नाही" म्हणाली आणि दोन मिनिटांत ठीक केलं.

काही नव्हतंच. पण ते मला रात्री दोनला कोण सांगणार होतं?

निशिगंध_२२

अर्धविराम, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. नळीत रक्त चढणं आमच्यासाठी रोजचं आहे. ते बघून कुणी पहाटेपर्यंत जागा राहत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नाही. आता सलाईन लावताना सांगत जाईन: "नळीत थोडं लाल दिसलं तर घाबरू नका, बेल दाबा."

आयसीयूतली

प्रसन्नवदन यांच्या पोस्टबद्दल लिहायचंय, कारण हा ७ आणि ९३ चा आकडा आमच्याकडच्या प्रशिक्षणातही ऐकवतात. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला आहे. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले होते, चेहऱ्याचे फोटो दाखवले होते आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं होतं. शब्द एक आणि सूर दुसरा असेल तर माणूस सुरावर विश्वास ठेवतो, इतपत ते खरं आहे. पण "उद्या सकाळी सहानंतर पाणी प्यायचं नाही" हे वाक्य ९३ टक्के देहबोलीने कसं सांगणार?

बाकी डोळ्यांच्या पातळीवर येणं, आवाज खाली ठेवणं, हे तुम्ही सांगता ते बरोबरच आहे. माझं भांडण आहे ते "सगळं ठीक होणार"शी. हे वाक्य कानावर पडलं की पेशंट बोलायचा थांबतो. पुढे काही विचारलं तर आपण सिस्टरवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं त्याला वाटतं. आणि ते ठीक होईल की नाही हे आपल्या हातात तरी कुठे असतं? मी त्या जागी जे नक्की माहीत आहे तेच सांगते. "आज रात्री दर चार तासांनी मी बीपी बघणार आहे. दुखलं तर औषध लिहून ठेवलंय, मागितलं की मिळेल. सकाळी राउंडला डॉक्टर येतील तेव्हा मी बरोबर असेन." यातलं प्रत्येक वाक्य मला खरं करता येतं.

खांद्यावर हात ठेवण्याचंही सरसकट नको. आधी विचारायचं: "हात धरू का?" नाडी बघताना मनगट हातात येतंच. नाडी मोजून झाली की लगेच न सोडता आणखी थोडा वेळ तसंच धरायचं. कुणाला नको असेल तर तो हात काढून घेतो, आणि आपल्याला कळतं.

प्रसन्नवदन

मेहराबियन यांच्याबद्दलची दुरुस्ती मान्य, मूळ प्रयोग मी वाचलेला नव्हता. पुढच्या सत्रात तो आकडा वापरणार नाही. पण धीर देण्याच्या बाबतीत मी अजून ठाम आहे. माझी आई दाखल होती तेव्हा एका नर्सने "मावशी, आम्ही आहोत ना" एवढंच म्हटलं आणि आई झोपली. आकडे-वेळा सांगितल्या असत्या तर ती आणखी घाबरली असती.

आयसीयूतली

"आम्ही आहोत ना" हे वेगळं. ते खरं आहे, त्या नर्सला ते पाळता येतं. "काही होणार नाही" हे भविष्य झालं. मला हा फरक फार मोठा वाटतो, पण तुमच्या आईंसाठी जे लागू पडलं ते पडलंच, त्यावर मी वाद घालणार नाही.

मावशी_नको

"मावशी"वरून आठवलं. मी ४४ वर्षांची आहे, कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी दाखल झाले तेव्हा पंचविशीतल्या ब्रदरने दारातूनच हाक मारली, "काय मावशी, काय होतंय?" त्याच्या मनात आपुलकीच होती. पण त्या क्षणी मला वाटलं की माझं नाव, माझं काम, सगळं कपड्यांच्या पिशवीत घालून नातेवाइकांच्या हातात दिलंय. दुसरी सिस्टर मला "सत्तावीस नंबर" म्हणायची. त्यापेक्षा मावशी बरं, हेही खरं.

जुनी_सिस्टर

म्हणूनच विचारून घ्यायचं. मी ते फाइलच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवायचे: "सर म्हणावं", "आजी चालेल", "नावानेच". पुढच्या शिफ्टला तेच जातं. एकदा एक बाई म्हणाल्या, "मला कुणी नावाने हाक मारून वीस वर्षं झाली, तुम्ही मारा." मी मारली.

पण आणखी एक बाजू सांगते. काही वयस्कर पेशंटना "काय म्हणून हाक मारू?" हा प्रश्नच परका वाटतो. ते म्हणतात, "काहीही म्हण गं पोरी." तिथे आपणहून काका-आजी म्हणणंच बरं. यावर एकच नियम मला सत्तावीस वर्षांत सापडला नाही.

कोरडी_पट्टी

मी मेल नर्स आहे, कॅज्युअल्टीत. वाचून छान वाटलं, पण आमच्याकडे पाच मिनिटं कुठून आणायची? पेशंट स्ट्रेचरवरून येतो तेव्हा माझे दोन्ही हात कामात असतात. आणि खरं सांगायचं तर नाडी ११०-१२० दिसली की दहातले आठ घाबरलेलेच असतात. थोडं बोलून शांत केलं की खाली येते. भीती आहे हे एकदा ओळखता आलं की पुढचं सोपं.

जुनी_सिस्टर

दादा, पहिल्या भागाचं उत्तर आयसीयूतली तुम्हाला माझ्याहून चांगलं देईल. दुसऱ्या भागासाठी मी थांबवते, कारण त्या "दहातले आठ"नी माझ्या एका पेशंटचा जीव जवळजवळ घेतला होता.

तिशीतली मुलगी, पायाला प्लास्टर होऊन नऊ दिवस झालेले. "छातीत कसंतरी होतंय, घाबरल्यासारखं होतंय" म्हणून संध्याकाळी दाखल झाली. नाडी ११८. सगळ्यांचं एकच म्हणणं, मुलगी घाबरट आहे, आईही रडतेय, बघा. मी बसले, बोलले. ती माझ्याशी नीट बोलली, हसलीसुद्धा. मी स्वतःवर खूश. बोलता बोलता लक्षात आलं की ती एका दमात पूर्ण वाक्य बोलत नाहीये. चार शब्द, श्वास, पुन्हा चार शब्द. हात धरूनच पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, २८ भरले. बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं, ९१. फुफ्फुसात गुठळी गेली होती.

तेव्हापासून मी असं ठरवलं की "घाबरलाय" हे शेवटी म्हणायचं. आधी श्वास पूर्ण मिनिट मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे नाहीत. ऑक्सिजन, ताप, साखर बघायची, दुखतंय का विचारायचं. लघवी तुंबली आहे का तेही. रोज दारू घेणारा असेल तर शेवटची कधी घेतली हे एकांतात विचारायचं, कारण दाखल झाल्यावर दारू तुटते आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, बेचैनी सुरू होते. तीही लांबून भीतीसारखीच दिसते. रक्तस्रावाचंही तसंच, बीपी पडायच्या आधी नाडी वाढते आणि माणूस अस्वस्थ होतो. हे सगळं ठीक निघालं, तरच भीती. आणि "काहीतरी भयंकर होणार असं वाटतंय" असं पेशंट म्हणाला तर समजूत काढत बसायचं नाही, लगेच डॉक्टरला बोलवायचं.

पण ते स्टूलवर बसणं इथेही कामी आलं. मी उभी राहून फॉर्म भरत असते तर मला ते तुटलेलं वाक्य ऐकूच आलं नसतं.

कोरडी_पट्टी

हे मनावर घेतो. श्वास पूर्ण मिनिट मोजत नाही, हे कबूल करतो.

आयसीयूतली

तुमचा पहिला प्रश्न. हात कामात असतील तरी तोंड मोकळं असतं. मी जे करते ते करायच्या आधी एका वाक्यात सांगते. "मी सिस्टर अमुक. आता तुमचा शर्ट कापतेय. आता उजव्या हाताला टोचणार, दुखेल, लगेच संपेल. तुमच्या भावाला बाहेर बसवलंय, तो इथेच आहे." वेळ एका सेकंदानेही वाढत नाही. फक्त एकाच माणसाने बोलायचं. चार जण एकदम धीर द्यायला लागले की तो आणखी गडबडतो. व्हेंटिलेटरवरच्या, झोपेचं औषध चालू असलेल्या पेशंटलाही मी शिफ्टच्या सुरुवातीला नाव सांगते. पुढे शुद्धीवर आल्यावर काहींनी माझा आवाज ओळखला आहे.

नाव सांगण्यावरून एक गोष्ट. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या, वृद्धांवर उपचार करायच्या. त्यांना स्वतःला कॅन्सर झाला. २०१३ मध्ये दाखल असताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला तपासायला येणारे बरेच जण साधं नावही सांगत नाहीत. त्यातून त्यांनी "हॅलो, माय नेम इज" ही मोहीम सुरू केली आणि ती फार लांबवर पसरली. २०१६ मध्ये त्या गेल्या. एक डॉक्टर, जिला रुग्णालयाची सगळी भाषा येते, तिलाही बेडवर पडल्यावर समोरच्याचं नाव हवंसं वाटलं, हे मला फार लागलं. मास्क असेल तेव्हा तर नाव दोनदा सांगते आणि ओळखपत्र उलटं फिरलं नाहीये ना ते बघते.

निशिगंध_२२

जुनी_सिस्टर, एक शंका. सोबतचे नातेवाईक सगळी उत्तरं देतात तेव्हा काय करायचं? परवा ती मुलगी अगदी प्रेमाने बोलत होती, तिला गप्प कसं करणार?

जुनी_सिस्टर

गप्प करायचं नाही, तिला तिचं काम द्यायचं. "ताई, तुम्ही घरी चालू असलेल्या गोळ्या काढून ठेवा, मी तुमच्याशी त्याबद्दल बोलणार आहे." तोवर प्रश्न पेशंटला, तेही त्याच्याकडे बघून. ती मधे बोललीच तर तिचं ऐकून परत त्याच्याकडे वळायचं, "काका, तुम्हालाही तसंच वाटतं ना, की वेगळं काही?" दारू, तंबाखू, गर्भारपण, घरातली मारहाण, हे प्रश्न मात्र कुणीही सोबत असताना विचारायचे नाहीत. पाच मिनिटं पडदा ओढून, नातेवाइकांना औषधाच्या खिडकीवर पाठवून. नवरा बायकोच्या शेजारी बसलेला असताना मिळालेलं "नाही" मी कधीच खरं धरलं नाही.

आणि पहिल्या भेटीत फार सांगू नकोस. भेटायच्या वेळा, डबा, बिल, राउंड, नियम, सगळं एकदम ऐकवतो आपण. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात त्यातलं काही राहत नाही. बाथरूम, बेल आणि पुढे काय होणार, एवढ्या तीनच गोष्टी. बाकी सव्वासातला. तेव्हा विचारायचं, "मी नीट सांगितलं का बघायचंय, उद्या सकाळी काय काय करायचंय ते मला सांगा बरं." त्याची परीक्षा घेतोय असं वाटता कामा नये.

हो, आणि पाणी. नवीन पेशंट घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागतो, आपण मायेने देऊन टाकतो. आधी फाइल बघायची, उपाशी ठेवायचंय का. भुलेच्या आधी पोटात काही असेल तर ऑपरेशन पुढे जातं, आणि पुन्हा एक रात्र तो त्याच भीतीत काढतो.

काजळरेघ

माझा प्रश्न राहिला का? :)

आयसीयूतली

राहू देणार नाही. रिपोर्टांचा क्रम आम्ही लावू, तुम्ही फक्त चालू औषधांची यादी मात्रेसकट लिहून आणा आणि कशाची ॲलर्जी असेल तर कुणी विचारायची वाट न बघता सांगा. चष्मा, ऐकायचं यंत्र लागत असेल तर हाताशी ठेवा. बेल दाखवली नाही तर मागा. आणि कुणी "कशाची काळजी वाटते?" विचारलं तर "काही नाही" म्हणू नका. कुणी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. "मला सुईची भीती वाटते, पूर्वी चक्कर आली होती" एवढं कळलं तरी आम्ही तुम्हाला बसवून नाही, झोपवून रक्त घेतो.

काजळरेघ

सुईचंच आहे माझं. कसं ओळखलंत माहीत नाही. लिहून ठेवलं.

अर्धविराम

मला नर्सिंगमधलं काही कळत नाही, पण विचारतो. पेशंटने पहिल्याच भेटीत "मला कॅन्सर आहे का हो?" असं विचारलं, आणि नातेवाइकांनी आधीच सांगून ठेवलंय की त्याला कळू देऊ नका, तर ती सिस्टर काय म्हणते? माझ्या वडिलांनी असं विचारलं होतं. सिस्टर "डॉक्टरांना विचारा" म्हणून निघून गेली. तिच्या जाण्यावरूनच त्यांना सगळं कळलं.

जुनी_सिस्टर

निदान सांगणं माझं काम नाही, पण निघून जाणंही नाही. मी विचारायचे, "तुम्हाला आतापर्यंत कुणी काय सांगितलंय?" आणि ऐकायचे. मग, "तुम्ही हे विचारलंत ते मी डॉक्टरांना आज सांगते, सकाळी ते तुमच्याशी बोलतील, मी तेव्हा इथे असेन." आणि तसं करायचे. खोटं "नाही" मात्र कधी म्हटलं नाही.

आयसीयूतली

मी इथे थोडी वेगळी आहे. पेशंट शुद्धीवर असेल, समजून विचारत असेल, तर नातेवाइकांना मी त्याच दिवशी स्पष्ट सांगते की त्यांनी विचारलं आहे आणि मी हे लपवण्यात भाग घेणार नाही. यावरून माझं घरच्या लोकांशी दोनदा वाजलं आहे. एकदा मुलगा नंतर येऊन बरं झालं म्हणाला, दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. त्यामुळे बरोबर कोण, मी की जुनी_सिस्टर, हे मला अजून सांगता येत नाही.

निशिगंध_२२

तीन दिवसांनी लिहितेय.

काल तीन ॲडमिशन होते. पहिल्या दोन पेशंटच्या वेळी स्टूल ओढलं, बाथरूम, नाव, बेल, वेळ, सगळं केलं. घड्याळ लावून बघितलं: साडेचार मिनिटं, मग बीपी, मग फॉर्म. फॉर्म उलट लवकर झाला, कारण "काळजी कशाची"च्या उत्तरातच निम्मी माहिती आली. दुसऱ्या पेशंटला पावणेआठची वेळ दिली होती आणि मला आठ वाजले. दारातून सांगायला विसरले. गेले तेव्हा त्या बाई बेलवर बोट ठेवून बसल्या होत्या. दाबली नव्हती.

तिसरा पेशंट मात्र जमला नाही. विशीतला मुलगा, अपघात, भिंतीकडे तोंड करून पडलेला. नाव सांगितलं, बसले, विचारलं, दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. काहीच नाही. श्वास, ऑक्सिजन, साखर सगळं नीट, दुखण्याचं औषध दिलेलं. शेवटी म्हटलं, "बोलायला नको वाटत असेल तर नको. मी साडेनऊला सलाईन बघायला येते." साडेनऊला गेले, तेव्हाही भिंतीकडेच तोंड. फक्त बेल उशीखालून काढून हातात घेतली होती. आज माझी सुट्टी आहे. रात्रीच्या सिस्टरला सगळं सांगून आलेय, पण अशा वेळी आणखी काय करतात?

कोरडी_पट्टी

उद्या ड्युटीवर गेल्यावर आधी त्याच्याकडे जा, पण प्रश्न विचारू नका. नुसतं सांगा, "मी परत आले." अपघातात त्याच्याबरोबर आणखी कोण होतं हे आमच्या कॅज्युअल्टीच्या कागदांत असतं, फाइलला जोडलेलं असेल. त्याच्याकडे जाण्याआधी ते एकदा वाचा.